राजीनाम्याआधी तक्रार अर्ज

‘पॉश कायदा फक्त लैंगिक छळासाठी आहे. बाकी साहेबाने चारचौघांत कितीही अपमान केला तरी कायद्यात काही सोय नाही. फार तर पोलिसांत जा, नाहीतर राजीनामा देऊन मोकळे व्हा.’

नोकरीत साहेबाचा जाच होणाऱ्याला असा सल्ला सर्रास मिळतो. यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. २०१३च्या त्या कायद्याखालची अंतर्गत समिती नुसत्या अपमानाचा अर्ज हाती घेणार नाही. वरिष्ठाच्या जाचासाठी म्हणून आपल्याकडे वेगळा कायदा नाही, हेही खरं.

पोलिसांबद्दल मात्र लोकांची फार मोठी फसगत होते. जाणूनबुजून अपमान हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५२खाली गुन्हा आहे, पण त्यासाठी समोरच्याला चिथावून शांतता भंग करवण्याचा हेतू किंवा तशी जाणीव दिसावी लागते. हैदराबादजवळच्या एका संस्थेत संचालकांनी कामावरून मोठ्या आवाजात झापल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. फेब्रुवारी २०२५मध्ये न्यायालयाने, जुन्या दंड संहितेतल्या याच अर्थाच्या कलमाखाली, वरिष्ठाने कामावरून रागावणं हा गुन्हा होत नाही असं सांगून खटला रद्द केला. मारहाण झाली, खोलीत कोंडून ठेवलं, इजा करण्याची धमकी दिली, किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांच्या देखत जातीवरून हिणवलं, तर गोष्ट वेगळी. तिथे पोलीस ठाण्यातच जावं. रोजच्या पाणउताऱ्याला तो दरवाजा नाही.

दरवाजा आहे तो कामगार कायद्यात. नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावीच लागते. तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे सदस्य सारखे असतात. घटनेपासून वर्षभरात अर्ज करता येतो आणि समितीने तीस दिवसांत काम संपवायचं असतं. ही समिती साहेबाला शिक्षा करत नाही. पण तिच्याकडे गेलेला अर्ज हा तारखेसकट पुरावा होतो, आणि खरा उपयोग पुढे होतो.

समजा, नाशिकच्या कारखान्यातला एक स्टोअरकीपर आहे. पर्यवेक्षक त्याला रोज सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलतो. ‘मला त्रास देतात, न्याय मिळावा’ असा अर्ज केला तर त्यातून काहीच हाती लागत नाही. अर्ज असा हवा: ‘दि. १२ रोजी सकाळी ११ वाजता स्टोअरच्या खिडकीपाशी, दोन सहकाऱ्यांसमोर, अमुक यांनी मला “तुझी लायकी झाडू मारायची आहे” असे म्हटले. त्याआधी दि. ५ रोजीही असेच घडले.’ शब्द जसेच्या तसे, हजर असलेल्यांची नावं, आणि स्वतःच्या प्रतीवर पोच. पोच देत नसतील तर ईमेल करावा किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवावा.

आता या अर्जानंतर आठवड्यात त्याची नागपूरला बदली निघाली, तर केस पालटते. धोरणाच्या नावाखाली आकसाने केलेली बदली ही महाराष्ट्राच्या १९७१च्या अनुचित प्रथा प्रतिबंधक कायद्यातही अनुचित कामगार प्रथा आहे आणि नव्या संहितेतही. १९७१च्या कायद्याखाली कामगार स्वतः औद्योगिक न्यायालयात तक्रार करू शकतो आणि निकालापर्यंत बदलीला स्थगिती मागू शकतो. तक्रारीची मुदत नव्वद दिवसांची. अर्जाची तारीख आणि बदलीची तारीख शेजारी ठेवली की आकस दाखवायला मोठा आधार मिळतो. अर्जच नसेल, तर कंपनी ‘प्रशासकीय गरज’ म्हणून मोकळी होते. म्हणूनच तोंडी तक्रार करून गप्प बसणाऱ्यांबद्दल मला काळजी वाटते.

राजीनाम्याचा सल्ला म्हणूनच सगळ्यात घातक. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं एकदा सहीनिशी लिहून दिलं की छळ सिद्ध करण्याचं ओझं दुप्पट होतं. एचआरच्या खोलीत बसवून लिहून घेतला असेल, तर त्याच दिवशी ईमेल करावा: ‘आज दुपारी दबावाखाली माझ्याकडून राजीनामा घेतला, तो मी मागे घेत आहे.’ स्वीकारला जाण्याआधी राजीनामा मागे घेता येतो, आणि जबरदस्तीचा राजीनामा ही बडतर्फीच आहे असं न्यायालयात मांडता येतं.

ही वाट सगळ्यांना खुली नाही. व्यवस्थापक पदावरचे आणि महिना अठरा हजारांवर पगार घेणारे पर्यवेक्षक संहितेच्या व्याख्येत ‘कामगार’ नाहीत. मात्र पदाच्या नावावर जाऊ नये. ‘मॅनेजर’ असं कार्डावर छापून दिवसभर बिलं नोंदवणारे पुष्कळ आहेत, आणि न्यायालय प्रत्यक्ष काम काय आहे ते पाहतं. खरोखर व्यवस्थापक असणाऱ्यांना कंपनीची तक्रार पद्धत, नेमणुकीचा करार आणि दिवाणी न्यायालयातला भरपाईचा दावा एवढंच उरतं. तिथे नोकरी परत मिळणं अवघड असतं, त्यामुळे त्यांनी तर राजीनाम्यावर सही करण्याआधीच वकिलाला करार दाखवावा.