खिडकीचा उजेड, दिव्यांचा उजेड: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "दिवे खऱ्या क्षमतेचेच ठेवा म्हणता. ब्लेंडरमध्ये ठेवले, तर खिडकीपुढे ते दिसतच नाहीत. पॉवर वाढवली की लॅम्पशेड पांढरीफटक. शेवटी कॅमेऱ्यामागे एरिया लाइट लावला, तर सगळी खोली सपाट. सल्ला पुस्तकी वाटतो."

नमस्कार. तुम्हाला दिसलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि तिन्हींचं मूळ एकच आहे: तुमच्या दृश्यात भरदुपार आहे. खऱ्या दिवाणखान्यातही दुपारी बाराला लावलेला दिवा कळत नाही. तेव्हा दिव्याला हात लावण्याआधी आकाश उतरवा.

किती उतरवायचं, ते मोजून ठरवता येतं. View Layer मध्ये Light Groups खाली दोन गट करा. वर्ल्ड (आणि वेगळा सन लाइट असेल तर तोही) 'उजेड' या एका गटात, सगळे दिवे 'दिवे' या दुसऱ्यात. रेंडर झाल्यावर इमेज एडिटरमध्ये त्या त्या गटाचा पास निवडून चित्रावर उजवं बटण दाबून धरलं की पिक्सेलचे आकडे दिसतात. त्यातला हिरव्याचा आकडा तुलनेला पुरतो.

उदाहरण घेऊ. 12 बाय 15 फुटांचा हॉल, कॅमेरा खिडकीकडे तोंड करून, कोपऱ्यात भिंतीपासून एक मीटरवर फ्लोअर लॅम्प. त्यात 2.1 वॅटचा पॉइंट लाइट आहे. ब्लेंडरचा वॅट म्हणजे बल्बच्या खोक्यावरचा वॅट नव्हे. साधारण 800 ल्युमेनच्या एलईडी बल्बला इथे एवढेच लागतात. समजा उजेडाच्या पासमध्ये आकाश 12 आणि लॅम्पजवळची भिंत 0.6 दाखवते, आणि दिव्याच्या पासमध्ये तीच भिंत 0.04. म्हणजे भिंतीवर दिवा उजेडाचा पंधरावा हिस्सा. तो डोळ्यांत भरायला उजेडाच्या निदान दुप्पट हवा. फरक तीसपट, म्हणजे सुमारे पाच स्टॉप.

हे पाच स्टॉप तुम्ही दिव्यात घातलेत. आता शेडचा हिशेब बघा. बल्बपासून कापड 10 सेंटिमीटरवर, भिंत 100 सेंटिमीटरवर. अंतराच्या वर्गाने उजेड घटतो, त्यामुळे कापडावर भिंतीच्या शंभरपट पडतो. भिंतीचा रंग 0.75 आणि कापडाच्या ट्रान्सल्युसंट शेडरचा रंग 0.5 असेल, तर शेड मुळातच 2.7 च्या आसपास असते. बत्तीसपट केल्यावर ती 86 होते, आकाशाच्या सातपट! ती पांढरी होणारच.

उलट, कंपोझिटरमध्ये उजेडाच्या पासला Exposure नोड लावून −5 द्या, दिव्याचा पास तसाच ठेवा, आणि दोन्ही Add ने जोडा. मग पूर्ण चित्राला +2. भिंत 0.23 च्या जवळ, आकाश 1.5. खिडकी भिंतीपेक्षा अडीच-पावणेतीन स्टॉप वर राहते. ती उजळ दिसते, पण बाहेरची झाडं जात नाहीत. शेड मात्र अजून 10.8 वर आहे. AgX मध्ये तो भाग जवळजवळ पांढरा पडतो. म्हणून कापडाचा रंग 0.5 वरून 0.1 वर आणा, की ती 2.2 वर येते. View Transform तात्पुरता False Color केला तर उरलेले जळके भाग लगेच सापडतात.

हे कंपोझिटरचं गणित फक्त प्रमाण शोधण्यासाठी. अंतिम रेंडरला स्काय टेक्स्चरमधला सूर्य खरोखर क्षितिजाशी न्या. नाहीतर फरशीवर दुपारचा कडक कवडसा आणि शेजारी पेटलेला लॅम्प, असं न पटणारं चित्र होतं. माझ्या मते रेंडर खोटं वाटण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे. आणखी एक: रेंडरचा डीनॉइज लाइट ग्रुपच्या पासेसना लागत नाही. प्रत्येक पासला वेगळा Denoise नोड लावावा लागतो.

कॅमेऱ्यामागचा एरिया लाइट काढून टाका. तो सोफ्याच्या खालची, पडद्याच्या चुण्यांमधली सावली भरून काढतो, आणि खोलीची खोली त्या सावल्यांतच असते. त्याची गरज का भासली, तेही तपासा. बरेचदा खिडकीच्या काचेला साधा ग्लास शेडर असतो आणि सायकल्समध्ये तो सूर्याचा थेट उजेड अडवतो. काच काढा, किंवा Light Path च्या Is Shadow Ray ने तिथे Transparent शेडर मिसळा.

रंगाचं थोडक्यात: दिवे 2700 केल्विन ठेवा. 4.3 पासून Color Management मध्ये White Balance आहे, तिथे 4500 च्या आसपास द्या. दिव्यांचा भगवेपणा उतरतो, खिडकी किंचित निळसर होते.

आणि ग्राहकाला दुपारच हवी असेल, तर दिव्यांनी खोली उजळण्याचा हट्ट सोडा. शेड आतून जेमतेम उजळलेली दिसेल एवढं ठेवा. खोली उजळायचं काम पांढरं छत आणि फिकट फरशीवर सोपवा. डिफ्यूज बाउन्स 4 असतील तर 8 करून बघा. मागचे कोपरे उजळतात, सावल्याही टिकतात.