‘कपड्यात काहीही बदलू नको’ एवढं सांगून भागत नाही

“शिवलेला कपडा जमिनीवर पसरून फोटो काढा, एआयला ‘कपड्यात काहीही बदलू नको’ एवढं सांगा. तोच कट, तोच प्रिंट, तोच रंग मॉडेलच्या अंगावर येतो. शूटची गरजच संपली.”

असा दावा सध्या फिरतो. सांगितलेलं ऐकलं जातं, पण पाळता येत नाही. एआयचं मॉडेल तुमचा कपडा उचलून माणसाला घालत नाही. ते कपडा बघतं आणि नव्याने चितारतं. ‘बदलू नको’ ही सूचना कापडाच्या पिक्सेलांना कुलूप लावत नाही.

प्रिंटचं काय होतं ते एका कुर्त्यावर पाहू. लांबी १०० सेंमी, दीड सेंमीची बुट्टी, तिच्या आत २ मिमीचे ठिपके. फोटोत कुर्ता ४००० पिक्सेल उंच असेल तर एका सेंटिमीटरला ४० पिक्सेल मिळतात, म्हणजे ठिपका ८ पिक्सेलचा. डोळ्याला अगदी स्वच्छ. आता हाच फोटो १०२४ पिक्सेल उंचीवर काम करणाऱ्या मॉडेलकडे गेला की ठिपका २ पिक्सेलवर येतो. त्यातून या प्रकारची बरीच मॉडेलं चित्र आणखी दाबतात: ८ बाय ८ पिक्सेलचा चौकोन आतल्या हिशेबात एकच घर होतो. अख्ख्या बुट्टीच्या वाट्याला जेमतेम दोन बाय दोन घरं येतात. ठिपके किती होते हे तिथे नीट उरतच नाही, मग मॉडेल ‘बुट्टीसारखं काहीतरी’ भरतं. नंतर चित्र मोठं करणारं साधन वापरलं तर कडा धारदार होतात, पण तो तपशीलही अंदाजानेच भरलेला असतो. ओळखायचं कसं? दोन्ही चित्रांत गळ्यापासून घेरापर्यंत एका सरळ रेषेतल्या बुट्ट्या मोजा, मग एकच बुट्टी मोठी करून शेजारी ठेवा. लांबून बघणाऱ्याला हे दिसत नाही, म्हणूनच असा दावा इतका फिरतो.

कटाचा प्रश्न वेगळा आहे. इथे माहिती पुसली जात नाही, ती फोटोत मुळातच नसते. पसरलेल्या कुर्त्याची छाती आडवी ४८ सेंमी भरली तर घेर ९६ होतो, पण फोटोत मोजपट्टी नाही आणि मॉडेलला ही बेरीज करायची नाही. समोरची बाई बारीक काढली की कुर्ता तिच्या अंगाबरोबर बसतो, कमरेला नसलेला डार्टही येतो. कापड सुळसुळीत की ताठ हे सपाट फोटोत फारसं कळत नाही, म्हणून घेर कसा पडेल तेही अंदाजानेच. पाठ तर मॉडेलने पाहिलेलीच नसते. तपासायला प्रमाण बघा: खांद्यापासून गळ्याची खोली १८ सेंमी असेल तर ती लांबीच्या १८ टक्के. अंगावर थोडा फरक पडणारच, पण चित्रात ती १२ टक्के निघाली तर गळा दुसऱ्याच कुर्त्याचा आहे.

रंगाचं थोडक्यात. संध्याकाळची पिवळट पार्श्वभूमी मागितली की तो उजेड कापडावरही चढतो आणि मरून विटकरी दिसू लागतो. पार्श्वभूमी साधी, उजेड पांढरा मागा. मूळ फोटोत राखाडी कार्ड ठेवून व्हाइट बॅलन्स आधी बसवा, नाहीतर चूक तिथूनच सुरू होते.

कपडा खरंच जसाच्या तसा हवा असेल तर काम उलटं करा. कपडा पुतळ्यावर चढवा, बाह्यांत कागद भरून त्यांना आकार द्या, आणि फोटो काढा. त्या फोटोत कपड्यावर मास्क लावा, म्हणजे तेवढा भाग झाकून ठेवा, आणि एआयला फक्त मास्कबाहेरचं रंगवू द्या: चेहरा, हात, पाय, मागची भिंत. शेवटी मूळ फोटोतला कपडा वेगळ्या लेयरवर पुन्हा वर ठेवा. ही पायरी बरेच जण गाळतात. मास्कखालचा भाग न रंगवताही त्या दाबण्या-उलगडण्यातून गेलेला असतो, त्यामुळे बारीक प्रिंट थोडा विरघळतोच. कड दोन-तीन पिक्सेल मऊ केली की जोड दिसत नाही.

अडचणी यातही आहेत. केस खांद्यावर आले किंवा हात कमरेवर ठेवला की ते कपड्याच्या लेयरखाली जातात. तेव्हा तेवढा भाग लेयरमधून हाताने खोडावा लागतो. मुंढ्यापाशी आणि गळ्याच्या कडेला त्वचेवर सावली नसेल तर कपडा चिकटवल्यासारखा दिसतो. उजेड पुतळ्यावर डावीकडून असेल तर चेहऱ्यावरही डावीकडूनच मागायचा. आणि चालताना उडणारा घेर हवा असेल तर पुतळा तो देऊ शकत नाही. तेवढ्या फोटोसाठी कपडा माणसालाच घालावा लागतो.