‘तुम्ही दोघांनी बोलायला हवे’ म्हणजे नेमके काय?

या महिन्यातली ही तिसरी ईमेल. मला आणि रत्नागिरीच्या एका आमरस उत्पादकांना एकत्र लिहून, ‘तुम्ही दोघांनी एकदा बोलायला हवे’ एवढ्या एका ओळीवर आमचे परिचित नामानिराळे झाले. कशासाठी बोलायचे, हे उत्पादकांनाही ठाऊक नव्हते आणि मलाही. त्यामुळे चार दिवस दोघेही समोरच्याच्या उत्तराची वाट पाहत बसलो. शेवटी मीच फोन केला तेव्हा कळले, की त्यांना निर्यातीच्या डब्यांवरील लेबले तपासून हवी होती, आणि मी नेमके तेच काम करतो. मग ‘हे लेबले तपासून देतात, उत्पादकांची पहिली खेप पुढच्या महिन्यात दुबईला जाणार आहे, अर्धा तास बोलावे, वेळ उत्पादकांनी कळवावी’ एवढे लिहायला कितीसा वेळ लागला असता? त्याआधी दोघांना वेगवेगळे विचारले असते, तर नकाराची सोयही राहिली असती. ओळख करून दिल्यावर नाही म्हणणे म्हणजे उगाच वाईटपणा घेणे. आणि पहिल्या उत्तरातच मध्यस्थांचे नाव बीसीसीत हलवायचे असते, म्हणजे पुढची उत्तरे त्यांना जात नाहीत, हेही आम्ही विसरलो. लेबलांच्या मसुद्यांच्या अकरा ईमेल त्या बिचाऱ्यांनाही गेल्या. बिचारे कसले, वाचा म्हणावे आता!