'लाड' या शब्दावरून: एका प्रतिक्रियेला उत्तर

"मॅडम, सोप्याकडून कठीणाकडे प्रश्न लावणं म्हणजे मुलांचे नुसते लाड. ज्याला येतं तो कुठूनही सोडवतो. गुण वाढले की काठिण्य वाढतं हे तुमचं विधानही चूक आहे, दहावीचा बीजगणिताचा पाचवा प्रश्न बघा. आणि विभाग, पर्याय वगैरे म्हणजे निकाल फुगवायची सोय. कधी स्वतः पेपर काढलाय का?" – एक पालक

नमस्कार. आधी तुमचं बरोबर आहे ते मान्य करते. बोर्डाच्या बीजगणिताच्या पेपरात चौथा प्रश्न प्रत्येकी ४ गुणांचा आणि पाचवा ३ गुणांचा. तरीही पाचवा शेवटी येतो, कारण तो साच्यातला नसतो, मुलाला स्वतः विचार करायला लावतो. गुण पायऱ्यांचे असतात, काठिण्याचे नव्हे. माझं वाक्य ढिलं होतं. झालं समाधान?

आता शेवटचा प्रश्न. बावीस वर्षं बीजगणित शिकवतेय हो. घटकचाचण्या, सहामाही, सराव परीक्षा, किती पेपर काढले याची मोजदाद नाही. हे विचारायची दुसरी पद्धत असू शकली असती, एवढंच म्हणते.

'ज्याला येतं तो कुठूनही सोडवतो' असं मलाही एके काळी वाटायचं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी दहावीच्या सराव परीक्षेचा पेपर धड्यांच्या क्रमाने लावला. चाळीस गुण, दोन तास. पहिला धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा, म्हणून पहिलाच प्रश्न ४ गुणांचा नावेचा: प्रवाहाच्या विरुद्ध १२ किमी आणि प्रवाहाच्या दिशेने २४ किमी जायला ५ तास, तर विरुद्ध २० आणि दिशेने ३६ किमी जायला ८ तास. नावेचा आणि प्रवाहाचा वेग काढा. संभाव्यता धड्यांच्या क्रमात मागे, त्यामुळे दोन नाणी फेकण्याचा १ गुणाचा प्रश्न गेला पार शेवटच्या पानावर.

दोन तासांत ४० गुण म्हणजे गुणामागे ३ मिनिटं. नावेच्या वाट्याला १२ यायची. पण हे उदाहरण एकाच जागी अडतं. विरुद्ध दिशेच्या वेगाचा व्यस्त m आणि दिशेच्या वेगाचा व्यस्त n मानला, की 12m + 24n = 5 आणि 20m + 36n = 8 अशी सरळ समीकरणं मिळतात. वेग ४ आणि १२ येतात, म्हणजे नाव ८ आणि प्रवाह ४ किमी प्रतितास. ते सुचलं नाही, तर मूल छेदात x आणि y घेऊन पान खोडत बसतं. माझी मुलं अर्धा अर्धा तास बसली. पहिला प्रश्न सोडून पुढे जायचं म्हणजे पेपर अवघड गेला, असं त्यांना वाटतं. तुम्हाला नसेल वाटत. तुम्ही पंधरा वर्षांचे नाही.

उत्तरपत्रिका तपासताना मी लाल पेनने नुसती बेरीज करत नाही, कोरी जागाही बघते. शेवटचा सोपा प्रश्न लिहून चुकलेला असेल, तर तो धडा माझा शिकवायचा राहिला. तो कोराच असेल आणि त्याच मुलाने तसला प्रश्न वर्गात फळ्यावर सोडवलेला असेल, तर दोष क्रमाचा. त्या गठ्ठ्यात नाण्यांचा प्रश्न जागोजाग कोरा होता. दुसऱ्या दिवशी वर्गात तोंडी विचारला, तर मागच्या बाकावरून उत्तरं आली. पेपराने मग मोजलं काय? संभाव्यता तर नाहीच.

तुम्ही याला लाड म्हणा. पुढच्या परीक्षेला मी काठिण्य तेच ठेवलं, फक्त जागा बदलल्या: आधी १ गुणाचे, मग २, ३, ४ गुणांचे, आणि प्रत्येक विभागात पुन्हा सोप्यापासून. नाव चौथ्या प्रश्नात गेली. ज्याला येत नव्हती त्याला तिथेही आली नाही. पण आधीचं येत होतं ते लिहून झालेलं होतं. अवघड प्रश्न सोपा झाला नाही, तो बाकीच्यांच्या वाटेतून बाजूला झाला.

पर्यायांबद्दल एवढंच, की 'कोणतेही चार' लिहिलं तरी बरीच मुलं पहिल्यापासून चार सोडवतात. त्यामुळे अवघड उपप्रश्न पहिला ठेवला, तर पर्याय कागदावरच राहतो. निकाल फुगवण्याच्या आरोपावर मी बोलणार नाही.

तुमच्या मुलाची सराव परीक्षेची उत्तरपत्रिका हातात आली, की आधी गुण बघू नका. मागून पानं उलटा आणि कोरं कुठे आहे ते बघा. मग लिहा मला, जरा नीट भाषेत.