नोकरी सोडली, तरी गळ्यात दोरी यांचीच?

तीन महिन्यांचा नोटीस पीरियड इमानेइतबारे भरला. ज्याच्या हाती काम द्यायचं होतं त्याला शेजारी बसवून सगळं शिकवलं. लॅपटॉप परत केला, ओळखपत्र परत केलं. आणि शेवटच्या दिवशी एचआरच्या बाई म्हणतात, "सर, तुमच्या करारातलं अकरावं कलम लक्षात आहे ना? एक वर्ष प्रतिस्पर्धी कंपनीत काम करता येणार नाही." बारा वर्षं मी एकच काम करतोय. ते काम करणारी प्रत्येक कंपनी यांची प्रतिस्पर्धी आहे. मग मी वर्षभर करायचं काय? घरात बसून खायचं काय? त्या वर्षाचा एक रुपयाही हे देणार नाहीत.

तेवढ्यावर थांबले असते तरी गिळलं असतं. यांनी माझ्या नव्या कंपनीला वकिलाचं पत्र धाडलं आणि तिथल्या लोकांनी घाबरून माझी जॉइनिंग पुढे ढकलली. तीन आठवडे मी ना इथला ना तिथला. हप्ते मात्र कुणासाठी थांबले नाहीत.

संताप कशाचा येतो सांगू? हे कलम कोर्टात टिकत नाही हे त्या वकिलाला पक्कं ठाऊक असतं. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. त्याचं कलम 27 सांगतं की कुणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय किंवा व्यापार करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. बाकीचा करार राहतो, पण ती अट उडते. कायद्यातच दिलेला ठळक अपवाद आहे धंद्याचं नाव, म्हणजे गुडविल, विकणाऱ्याचा. मी काय दुकान विकलं होतं यांना? मी पगारावर राबलो.

पत्रात लिहिलं होतं, "निर्बंध फक्त एका वर्षाचा, फक्त याच क्षेत्रापुरता, म्हणून वाजवी आहे." इंग्लंडमधली कोर्टं असा वाजवीपणा तोलून बघतात. आपल्याकडे नोकरी संपल्यानंतरच्या बंदीला ती फूटपट्टी लागत नाही, आणि हे सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणात 2006 साली स्पष्ट केलंय. जाहिरातींचं काम बघणाऱ्या पर्सेप्ट डी मार्क कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर ती आधी आम्हाला दाखव, आम्ही तेवढंच दिलं तर आमच्याकडेच राहा, अशी त्यात अट. तो दुसरीकडे जायला निघाला तेव्हा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. एका न्यायाधीशांनी मनाई हुकूम दिला, खंडपीठाने तो उठवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही खंडपीठाचंच म्हणणं उचलून धरलं. त्याच्यावर पूर्ण बंदीसुद्धा नव्हती, नुसती "आधी आम्हाला विचार" एवढीच अट होती. तीही करार संपल्यानंतर चालली नाही. मग माझी वर्षभराची सरसकट बंदी कुठून चालेल?

नोकरीत असताना मात्र हात बांधलेले असतात, हे मलाही मान्य आहे. 1967 च्या गोलिकरी खटल्यात एका माणसाने पाच वर्षांच्या कराराच्या मधेच कंपनी सोडली आणि तिथे शिकलेलं काम घेऊन दुसऱ्या कारखान्यात गेला. कोर्टाने त्याला उरलेल्या मुदतीपुरतं रोखलं, आणि ते बरोबरच होतं. म्हणून नोटीस पीरियडमध्ये मी नव्या कंपनीचा एक ईमेलसुद्धा लिहिला नाही. कंपनीची गुपितं बाहेर नेली तर कोर्ट नंतरही अडवेल. बॉन्डची गोष्ट वेगळी. ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरा, ही अट कोर्ट मान्य करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली विजया बँकेच्या प्रकरणात दोन लाखांचा असा बॉन्ड वैध ठरवला. पण माझ्याकडे ना बॉन्ड होता, ना यांची एखादी फाइल. होता फक्त माझा बारा वर्षांचा हात, आणि तो यांच्या मालकीचा नाही!

तरी या अटी छापतातच. कारण कोर्टापर्यंत जावंच लागत नाही, एका पत्रावर काम भागतं. नवी कंपनी वाद नको म्हणते आणि माणूस गप्प बसतो. मीही गप्प बसणार होतो. शेवटी एका वकीलबाईंकडून दोन पानांचं उत्तर पाठवलं: कलम 27, झहीर खानचा निकाल आणि एक सरळ प्रश्न, मी नेमकी कोणती गुपित माहिती नेली ते लेखी कळवा.

त्या प्रश्नाला आजतागायत उत्तर नाही. सोमवारी मी नव्या ठिकाणी रुजू झालो. मधल्या तीन आठवड्यांचा पगार कोण भरून देणार, हे मात्र कुणी बोलत नाही.