आंबलेलं वरण इडलीच्या पिठासारखं नसतं

"रात्रीच्या डाळीला सकाळी फेस आला, आंबट वास आला तर फेकू नका. इडलीच्या पिठासारखी ती नैसर्गिकरीत्या आंबते, पोटाला उलट चांगली. दहा मिनिटं खळखळून उकळा, सगळे जंतू मरतात. वास राहिलाच तर चिमूटभर सोडा घाला."

हा मेसेज मावशीला आला, आणि तिने खरंच रात्री नऊचं वरण सकाळी सातला उकळायला ठेवलं होतं. मी पोचले तेव्हा वरचा फेस पळीने बाजूला केला की खालून परत बुडबुडे येत होते, आणि वरण पळीला तारेसारखं चिकटत होतं.

उकळण्याचं आधी बोलू, कारण खरा घोळ तिथेच आहे. जंतू मरतात, बरोबर. पण बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू बीजाणू, म्हणजे उष्णतेतही तग धरणारी सुप्त रूपं, करतो आणि ते पहिल्या शिजवण्यातूनच जिवंत सुटतात, मग वरण कोमट झालं की उगवतात, वाढतात, आणि त्याचे काही प्रकार उलटी करवणारं विष अन्नातच सोडतात. ते विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं, तुमच्या गॅसवरचं वरण १०० च्या आसपासच असतं. म्हणजे जंतू मेले आणि विष तसंच ताटात. असं विष भातात जास्त आढळतं हे खरं, पण म्हणून वरण सुटलं असं नाही. खाल्ल्यावर साधारण अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

आणि वेळेचा हिशोब बघा, वीस मिनिटांत जंतू दुप्पट होतात असं धरलं तरी सहा तासांत एकाचे अडीच लाखांवर होतात. मावशीचे दहा तास झाले होते! जागतिक आरोग्य संघटना शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका म्हणते, ते उगाच नाही.

इडलीचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, आंबणं म्हणजे नेहमीच नासणं नाही. पण ते पीठ कच्चं असतं, डाळ-तांदळावरचे आंबवणारे जिवाणू त्यात जिवंत असतात, ते भराभर आंबटपणा वाढवतात आणि बाकीच्यांना दाबतात. वरण शिजवताना तुम्ही तेच मारून टाकता, मागे उरतात ते बीजाणू आणि नंतर हातातून-पळीतून जे पडेल ते.

सोड्याने फक्त आंबटपणा मरतो, म्हणजे सावध करणारी एक खूण होती तीही घालवायची.

हां, चिंच-आमसूल घातलेलं आंबटच लागणार आणि नुसतं ढवळल्यानेही फेस येतो, पण तो बसतो, परत वर येत नाही. आणि वास नाही म्हणून दहा तास बाहेर राहिलेलं चांगलं असंही नाही, विषाला वास नसतो.

मावशीचं वरण मी ओतून दिलं. चव घेऊन बघू म्हणत होती, तेही करू दिलं नाही. आता उरलं की पसरट भांड्यात काढते, वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये.