राखीच्या मेसेजमधली सही

"ताई, राखी पोचली, चिमीच्या हातून बांधून घेतली. अण्णांच्या सहा एकरांवर आपल्या तिघांची वारसनोंद झाली. आता हक्कसोडासाठी मुखत्यारपत्र तेवढं पाठव. तुला तिकडे काय कमी आहे?"

शेवटच्या वाक्याने मी चिडले. बहिणीने हिस्सा ठेवला की माहेर तुटतं, हा वाद घरच्या ग्रुपवर दर श्रावणात होतोच. आत्याने लगेच लिहिलं, "मी साडीचोळीवर सही केली, माझं माहेर आहेच की." तिचं आहे, ते मी नाकारत नाही. पण तिच्या लग्नाच्या वेळी मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्माने हक्क नव्हता. महाराष्ट्राने तो 1994 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये.

इथे इंग्लंडमध्ये मृत्युपत्र नसेल, तर जोडीदाराचा वाटा काढून उरलेलं मुलामुलींत सारखं वाटतात, कोणी रुसत नाही. हे ऑफिसात बोलले तर यॉर्कशायरच्या शेतकऱ्याची मुलगी म्हणाली, "आमचं शेत भावालाच गेलं. तुकडे केले तर शेत चालत नाही." तिच्या वडिलांनी तसं मृत्युपत्र केलं होतं. अण्णांनी केलं नाही. म्हणून आई, भाऊ आणि मी, प्रत्येकी दोन एकर.

भावाची अडचण खरी आहे. सातबाऱ्यावर माझं नाव असलं की पीककर्जाला बँक माझी संमती मागते, आणि मी सात हजार किलोमीटरांवर. शेत तोच कसतो, आईचा दवाखानाही तोच बघतो. त्या दोन एकरांचं उत्पन्न मला नको. पण हक्कसोड एकदा नोंदवलं की परतीचा रस्ता नाही. माझा पासपोर्ट ब्रिटिश आहे, हातात ओसीआय कार्ड. त्यावर भारतात शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. उद्या भावाने स्वतःहून विकायची म्हटली, तरी मला ती घेता येणार नाही.

आणि खरं सांगायचं तर रेशनकार्डावरून, मतदारयादीतून माझं नाव केव्हाच गेलं. गावाच्या कागदांत ते आता त्या एका सातबाऱ्यावर आहे. तिथूनही ते मीच खोडायचं, हे मला जमत नाही. यात लोभ दिसत असेल तर दिसो.

भावाला लिहिलं: मुखत्यारपत्र देते, हाय कमिशनकडून साक्षांकित करून. पण जमीन कसणं, पीककर्ज, पीकविमा आणि नुकसानभरपाई एवढ्याचसाठी. विक्री, बक्षीसपत्र आणि हक्कसोड यांचा अधिकार नाही, असं त्यात स्पष्ट लिहीन. कागद भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घे. अशा मुखत्यारपत्रावर गहाणखताची सही बँक चालवून घेईल का, ते तू शाखेत विचार. त्यांना वेगळी ओळ हवी असेल तर मसुद्यात घालते. आईचा हिस्सा मात्र तिच्याच नावावर राहू दे, तिला कुठेही सही करायला लावू नकोस.